पश्चिमेच्या भिंतीला इलॅस्टोमेरिक रंग: दोन बादल्या की चार?

खाडीकाठ | ८ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत समुद्राजवळ आमची तीन मजल्यांची सोसायटी आहे. यंदा बाहेरून रंग काढायचं ठरलंय आणि ते काम समितीने माझ्याकडे दिलंय. त्रास सगळा पश्चिमेच्या भिंतीचा. सरळ पाऊस कितीही पडला तरी काही होत नाही, पण नैऋत्येचा वारा धरून झड आली की तासाभरात आतल्या खोल्यांत ओल उतरते. कपाटामागे पोपडे, बुरशीचा वास, सगळं आलं.

भिंत खिडक्या वजा जाता २४०० चौरस फूट. गिलाव्यावर बारीक भेगांचं जाळं आहे, आणि तीनपैकी दोन मजल्यांच्या बीमखाली एकेक आडवी सरळ भेग भिंतभर गेली आहे.

दोन रंगाऱ्यांनी भाव दिलेत. दोघांचा रंग एकाच कंपनीचा, एकाच नावाचा इलॅस्टोमेरिक, दोन हात. पहिला म्हणतो २० लिटरच्या दोन बादल्या पुरतील. दुसरा म्हणतो चार लागतील, पाचवीही फोडावी लागेल. त्याचा भाव अर्थातच बराच जास्त. रंग तोच, भिंत तीच, हातही दोनच, मग बादल्या दुप्पट कशा? सभेत हे समजावून सांगायचंय, म्हणून नीट कळायला हवं.

---

सदा_फुली | ८ मार्च, रात्री ९:५२

दुसरा रंगारी जास्तीचा माल तुमच्या गळ्यात मारतोय. माझ्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे थोडीफार माहिती आहे. या रंगाचा गुणच मुळी ताणण्याचा. डब्यावर ३०० टक्के ताण लिहिलेला असतो. एवढा ताणणारा रंग पातळ लावला तरी भेग झाकणारच. साध्या बाहेरच्या इमल्शनला लिटरमागे ५०-६० चौरस फूट धरतात, दोन हातांचे. त्या हिशोबाने ४० लिटर बरोबर बसतात.

---

गवंडीकाम | ८ मार्च, रात्री ११:०५

सदाताई, ५०-६० चा आकडा इमल्शनसाठी बरोबर आहे, पण तो इथे लावता येत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे, किनारपट्टीवरच्या इमारतींच्या दुरुस्तीत बरीच वर्षं गेली. जरा सविस्तर लिहितो.

आधी बादल्यांचा हिशोब. १ लिटर रंग १ चौरस मीटरवर सारखा पसरला तर १ मिलिमीटर जाडीचा थर होतो. खाडीकाठ यांची भिंत साधारण २२३ चौरस मीटर. तिच्यावर ८० लिटर गेले तर दोन्ही हात मिळून ओला थर होतो ०.३६ मिमी. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग पाण्याचा, तो उडून जातो. सुकल्यावर उरतो ०.१८ मिमी. ४० लिटरमध्ये हेच काम उरकलं तर सुका थर ०.०९ मिमी. दोन भावांमधला फरक हा आहे. पहिला रंगारी तुम्हाला इलॅस्टोमेरिक रंग इमल्शनच्या जाडीने लावून देतोय.

आता जाडी का लागते? ते ३०० टक्के प्रयोगशाळेत मोजतात, रंगाची सुटी पट्टी दोन्ही टोकांना धरून. भिंतीवर रंग सुटा नसतो, चिकटलेला असतो. भेग उघडते तेव्हा ताण येतो तो फक्त भेगेच्या तोंडावरच्या रंगावर. समजा रंग लावताना भेग ०.२ मिमी होती आणि तापलेली भिंत सरीने एकदम गार पडल्यावर ती ०.३ झाली. तर ताण पडला ५० टक्के, तो सहज सोसला जातो. पण रंग लावून झाल्यावर नवीन भेग पडली, शून्यातून ०.३ मिमी, तर ताणायला मुळात लांबीच नसते. अशा वेळी थर जाड असेल तर ताण भेगेच्या दोन्ही बाजूंच्या रंगात थोडा थोडा वाटला जातो. पातळ थराला वाटून द्यायला जागा नसते, तो भेगेच्या रेषेवरच फाटतो. म्हणून रंग तोच असला तरी ०.१८ मिमीचा थर भेग झाकून ठेवेल आणि ०.०९ चा कदाचित पहिल्याच वर्षी फाटेल.

युरोपात ईएन १०६२-७ नावाचं मानक आहे, त्यात रंगाने किती भेग सांधली यावर वर्ग पाडलेत: ए१ म्हणजे ०.१ मिमीहून जास्त, ए२ म्हणजे ०.२५ हून जास्त, ए३ म्हणजे ०.५ हून जास्त. कंपनीच्या माहितीपत्रकात असा वर्ग दिला असेल तर तो किती जाडीच्या थरावर मिळालाय हेही शेजारी पाहा. जाडी सोडून नुसता वर्ग वाचण्यात अर्थ नाही.

---

सदा_फुली | ९ मार्च, सकाळी ७:३०

हे पटलं. चिकटलेल्या रंगाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग सरळ पावसात काही होत नाही आणि वाऱ्याच्या पावसातच ओल का येते? भेग तर तीच ना.

---

गवंडीकाम | ९ मार्च, दुपारी १:१५

सरळ पाऊस छज्जाखालच्या भिंतीला जेमतेम भिजवतो. झड मात्र थेट भिंतीवर आदळते आणि पाण्याचा पापुद्रा भिंतभर सतत ओघळत राहतो. बारीक भेग ते पाणी स्वतःच आत ओढून घेते, त्याला वाऱ्याची गरज नाही. वारा त्यावर दाब देतो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत समोरून लागला तर त्याचा दाब साधारण २४ मिमी उंचीच्या पाण्याइतका होतो. ऐकायला थोडा वाटतो, पण गिलाव्याची जाडीही तेवढीच असते. भेग गिलाव्यातून विटेपर्यंत गेलेली असेल तर झोतागणिक पाणी आत ढकललं जातं.

याच कारणाने खिडकीखालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करतात आणि तिच्या पोटाला पाणपट्टीची खाच ठेवतात. ही खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून उलट भिंतीकडे येतं, आणि तिथे कोणताही रंग फार काळ टिकत नाही. तुमच्याकडे खिडक्यांना ही खाच आहे का, आणि सिमेंट किंवा रंगाने बुजली नाही ना, हे आधी पाहून घ्या.

---

निमा_पाटील | ९ मार्च, दुपारी ३:४०

छान माहिती मिळतेय. आमच्या गच्चीवर पाणी साचतं, खालच्या खोलीत गळतं. गच्चीवर हाच रंग चार हात दिला तर थांबेल का?

---

गवंडीकाम | ९ मार्च, दुपारी ४:२०

नाही. निमाताई, भिंतीचा रंग ओघळणाऱ्या पाण्यासाठी बनवलेला असतो. साचलेल्या पाण्याखाली दिवसचे दिवस राहिला की तो मऊ पडतो, फुगतो आणि सुटतो. गच्चीला आधी उतार नीट करावा लागतो आणि मग गच्चीसाठीचं वेगळं लेपन. स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.

---

रंगारी_अण्णा | ९ मार्च, रात्री १०:३०

मी कोल्हापूर-रत्नागिरी भागात रंगकामाचे ठेके घेतो. गवंडीकाम साहेबांचा हिशोब बरोबर आहे. आमच्या बाजूचंही सांगतो. गिऱ्हाईक दर चौरस फुटाचा भाव विचारतं आणि सगळ्यांत कमी भावाला काम देतं. मग त्या भावात काम बसवायचं तर रंगच ताणावा लागतो. लिटरमध्ये पाणी घालून बादली लांबवली जाते. इलॅस्टोमेरिक रंग घट्ट असतो, रोलरला जड जातो, हात दुखतात, म्हणूनही पोरं पाणी ओततात. माझ्या साइटवर मी हे होऊ देत नाही, पण होतं ते खरं आहे.

खाडीकाठ दादा, तुमचा गिलावा गुळगुळीत आहे की दाणेदार? रेतीचा दाणेदार असेल तर पाचवी बादली लागणारच. दाण्यांच्या खळग्यात रंग बसतो आणि टोकांवर पातळ राहतो.

आणि रंगाची वेळ. पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये दुपारनंतर हात लावू नये इतकी तापते. तापल्या भिंतीवर रंग लावला की वरून पटकन कातडी धरतो आणि आतलं पाणी वाफ होऊन बारीक फोड नाहीतर सुईच्या टोकाएवढी भोकं करून निघतं. ती भोकं खालून दिसत नाहीत. म्हणून पश्चिमेची भिंत सकाळी, सावलीत असताना घ्यायची. पहिला हात उभा, पुरता सुकल्यावर दुसरा हात आडवा. आडव्या हातात पहिल्याची चुकलेली जागा भरली जाते.

---

खाडीकाठ | १० मार्च, सकाळी ८:०५

अण्णा, गिलावा दाणेदारच आहे. म्हणजे दुसरा रंगारी बरोबर बोलत होता.

आता दोन शंका. एक, ती बीमखालची आडवी भेग या रंगाने जाईल का? दोन, पहिला रंगारी म्हणतो की आधी संपूर्ण भिंतीला पुट्टी मारू, भेगा बुजतील आणि रंग कमी लागेल.

---

गवंडीकाम | १० मार्च, रात्री ९:००

आडव्या भेगेचं आधी सांगतो, कारण निम्म्या इमारतींमध्ये ओल तिथूनच येते. बीम काँक्रीटचा, खालची भिंत विटेची. दोघं उन्हात वेगवेगळे फुगतात, शिवाय वरच्या वजनाने बीम थोडा वाकतो. गिलावा करताना या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकलेली नसेल तर सरळ भेग पडतेच, आणि ती दर ऋतूत हलत राहते. हे रंगाचं काम नव्हे.

आधी मोजून पाहा. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक पदर भेगेत शिरतो का, तीन पदर शिरतात का, पाहा. जाळ्याच्या भेगांत बहुधा एक कष्टाने जाईल, त्या रंगाने झाकल्या जातात. तीन सहज शिरले तर ती भेग रंगावर सोडायची नाही. ती हलते का हेही पाहता येतं: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा. काही आठवड्यांत काच तडकली तर भेग जिवंत आहे.

अशी भेग व्ही आकारात साधारण ६ ते १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल फोडायची, धूळ काढायची, आणि रंग बसणारं अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. सीलंट वाळल्यावर वर फायबरची जाळी रंगाच्या पहिल्या हातात दाबून बसवायची आणि मग दुसरा हात.

एका भेगेकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहा. कॉलमच्या कडेने उभी जाणारी, तांबूस डाग पडलेली, हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजणारी. आत सळी गंजून फुगलेली असते. समुद्रकाठी खाऱ्या हवेने हे लवकर होतं. तिच्यावर रंग मारला तर गंज आतल्या आत चालू राहतो आणि आपल्याला दिसणं बंद होतं. तिथे काँक्रीट फोडून सळी साफ करून दुरुस्तीच करावी लागते.

पुट्टीबद्दल: बाहेर पावसाच्या भिंतीला अखंड पुट्टी देऊ नका. पुट्टीचा थर कडक आणि ठिसूळ, भेग पडली की तो तडकतो. रंग पुट्टीला धरतो, पुट्टी भिंतीला धरत नाही, आणि दोन्ही मिळून पोपडा सुटतो. भेगांपुरती, तीही बाहेरच्या कामाची, ठीक आहे.

---

शांतादुर्गा | ११ मार्च, सकाळी ११:४५

आमचं गोव्यात फोंड्याजवळ आजोबांच्या वेळचं घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा. दर पावसात भिंती खालून गुडघाभर उंचीपर्यंत ओल्या होतात. एक ठेकेदार म्हणतो, हाच इलॅस्टोमेरिक रंग दोन्ही बाजूंनी लावू, प्रश्न कायमचा मिटेल. लावावा का?

---

गवंडीकाम | ११ मार्च, रात्री ८:१५

शांताताई, कृपा करून लावू नका. तुमची ओल वरून येत नाही, जमिनीतून चढते. जांभा पाणी ओढतो आणि चुना ते हळूहळू हवेत सोडतो, म्हणून त्या भिंती इतकी वर्षं उभ्या आहेत. इलॅस्टोमेरिक रंग वाफ थोडीफार सोडतो, पण चुन्याच्या तुलनेत फारच कमी. दोन्ही बाजूंनी तो बसला की पाणी आत अडकतं आणि आणखी वर चढतं, मिठं गिलाव्यात साचून तो भुसभुशीत करतात. अशा घराला चुन्याची सफेदी आणि भिंतीच्या पायथ्याशी पाण्याचा निचरा, हेच करा.

---

कर्वेरोड | ११ मार्च, रात्री ९:३०

मग नव्या सिमेंटच्या भिंतीतही पाणी अडकेलच की. आमच्या पुण्याच्या इमारतीला हा रंग दिला आणि पहिल्याच पावसात तळहाताएवढे फुगे आले. फोडले तर आतून पाणी. रंग खराब होता असंच आम्ही धरलं.

---

रंगारी_अण्णा | ११ मार्च, रात्री १०:१०

फुग्यातून पाणी आलं म्हणजे पाणी भिंतीच्या आत होतं. फुगे कुठे होते? बाथरूमच्या मागे, गच्चीच्या कठड्याखाली?

---

कर्वेरोड | १२ मार्च, सकाळी ७:५०

हो, बहुतेक कठड्याच्या खालच्या पट्ट्यात. कठड्याच्या माथ्यावर भेगा आहेत खऱ्या.

---

गवंडीकाम | १२ मार्च, दुपारी १२:४०

कठड्याच्या माथ्यातून पाणी भिंतीत उतरलं, समोरून रंगाने वाट बंद केलेली, म्हणून ते रंगाला पुढे ढकलत फुगा झाला. कठड्याचा माथा, पाइपांच्या कडा आणि बाथरूमची गळती आधी बंद करायची, मग भिंत. त्यानंतरही भिंत सुकली की नाही हे पाहायचं. हातभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आत दव धरलं असेल तर थांबा. नवीन गिलाव्याला किमान २८ दिवस द्यायचे, आणि पावसाळा संपल्या संपल्याही घाई नको.

---

सदा_फुली | १२ मार्च, दुपारी २:०५

अजून एक. भाऊ सांगतो की या रंगावर धूळ फार बसते, दोन वर्षांत भिंत काळपट दिसते. म्हणून तो वरून साध्या इमल्शनचा एक हात द्यायला सांगतो. हे योग्य का?

---

रंगारी_अण्णा | १२ मार्च, संध्याकाळी ६:३०

ताई, धूळ बसते हे खरं. रंग मऊ, उन्हात आणखी मऊ होतो, त्याला धूळ चिकटते. पश्चिमेला शेवाळही धरतं. मी वरून इमल्शन देतो आणि माझी कामं चांगली राहिली आहेत.

---

गवंडीकाम | १२ मार्च, रात्री ९:२०

इथे माझं आणि अण्णांचं जमत नाही. खालचा थर ताणणारा आणि वरचा कडक असेल तर भेग उघडल्यावर वरच्यात बारीक तडे जातात. पाणी आत जात नाही, कारण खालचा थर शाबूत असतो, पण तडे दिसतात आणि त्यात शेवाळ धरतं. काही कंपन्या स्वतःच वरचा हात देणारी जोडी सुचवतात, तिथे त्यांनीच सांगितलेलं इमल्शन वापरावं. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त इमल्शन वर मारायला माझा विरोध आहे.

---

रंगारी_अण्णा | १२ मार्च, रात्री ९:५५

जोडी एकाच कंपनीची हवी, हे मान्य. पण नुसता इलॅस्टोमेरिक उघडा ठेवायला मी अजूनही तयार नाही, निदान रस्त्याच्या बाजूला तरी नाही.

---

खाडीकाठ | २० मार्च, रात्री १०:००

सभा झाली. मी कागदावर दोन आकडे लिहून नेले, ०.१८ आणि ०.०९, आणि त्याखाली लिटर. वाद फार झाला नाही. काम दुसऱ्या रंगाऱ्याला दिलं, करारात तीन गोष्टी घातल्या: भाव चौरस फुटाचा नसून बादल्यांसकट, सीलबंद बादल्या आमच्यासमोर फोडायच्या, आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत वॉचमनच्या खोलीत ठेवायच्या.

कागदाचे पदर घालून पाहिले. जाळ्याच्या भेगांत एकही पदर नीट जात नाही. बीमखालच्या भेगेत मात्र चार गेले. ती फोडून सीलंट भरायचं ठरलंय.

काम चालू असताना जाडी तपासायचा काही सोपा मार्ग आहे का?

---

गवंडीकाम | २१ मार्च, सकाळी ९:१५

बादल्या मोजणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. ओल्या थरात टेकवून पाहायची छोटी दातेरी पट्टी मिळते, ज्या दातापर्यंत रंग लागला ती जाडी. पण तुमच्या दाणेदार गिलाव्यावर ती दाण्यांवर टेकते आणि चुकीचं सांगते. त्यापेक्षा भिंत मजल्यांप्रमाणे तीन पट्ट्यांत वाटा. पाच बादल्या धरल्या तर दर पट्टीला साधारण ३३ लिटर, निम्मा पहिल्या हाताला. वरची पट्टी संपताना बादलीत किती उरलं हे पाहिलं की तिथल्या तिथे कळतं.

---

खाडीकाठ | ६ जुलै, रात्री ९:४०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. काम एप्रिलअखेर पुरं झालं, पाचव्या बादलीतला थोडा रंग उरला. गेल्या आठवड्यात सलग झड होती. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या पश्चिमेच्या खोल्या कोरड्या आहेत. आडव्या भेगेच्या जागी बोट फिरवलं तर सीलंटची रेघ हाताला कळते, डोळ्यांना नाही.

तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत मात्र अजून ओल आहे, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, वीतभर. बाहेरून रंग शाबूत दिसतो. पाणपट्टीची खाच रंग देण्याआधी साफ करून घेतली होती.

---

रंगारी_अण्णा | ६ जुलै, रात्री १०:२५

दादा, अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आहे का? खालच्या चौकटीच्या पन्हळीला बाहेर पाणी जायची भोकं असतात, ती बुजली की पन्हळ भरते आणि वाऱ्याने पाणी कोपऱ्यातून आत येतं. पन्हळीत तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर किती येतं ते बघा.

---

गवंडीकाम | ७ जुलै, सकाळी ८:५०

अण्णांचा तर्क बरोबर असू शकतो. दुसरी शक्यता म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा. दोन्ही वेगळे काढायचे तर कोरड्या दिवशी आधी फक्त पन्हळीत पाणी घाला, काही तास थांबा. आत ओल आली नाही तर मग पाइपने फक्त चौकटीच्या बाहेरच्या कडेवर पाणी सोडा, खालून वर जात. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळणार नाही. उघडीप मिळाली की करून बघा आणि इथे लिहा.